फ्लँजरची खाच एका टोकाला का अडकते आणि कोरस बेसूर का होतो

प्रश्न: सी प्लस प्लसमध्ये फ्लँजर हा आवाजाचा इफेक्ट लिहिलाय. सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ, विलंब १ ते १० मिलिसेकंद, विलंब हलवणारा साइन एलएफओ ०.२ हर्ट्झ, मिक्स अर्धा-अर्धा. स्वीप एका टोकाला बराच वेळ रेंगाळतो आणि दुसऱ्या टोकाला भर्रकन निघून जातो. मागे बारीक घरघर येते. फीडबॅक वाढवला की नुसतं टणटण वाजतं, खाचा उलट पुसट होतात. त्याच कोडमध्ये विलंब २५ मिलिसेकंद, डेप्थ ८ मिलिसेकंद आणि वेग १ हर्ट्झ ठेवून कोरस केला, तर गिटार चक्क बेसूर वाटते. चूक कुठे होतेय?

उत्तर:

चुका चार आहेत आणि चारही वेगवेगळ्या जागी आहेत. आधी एक गोष्ट पक्की करून घेऊ, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मूळ आवाजात त्याचीच τ इतक्या विलंबाने आलेली प्रत मिसळली, की ज्या वारंवारितेला ती प्रत बरोबर अर्ध्या आवर्तनाने मागे पडते तिथे दोन्ही एकमेकांना खोडतात. पहिली खाच `1/(2τ)` वर पडते आणि पुढच्या खाचा `1/τ` इतक्या अंतराने येत राहतात. विलंब १ मिलिसेकंद असेल तर खाचा ५००, १५००, २५०० हर्ट्झवर. ५ मिलिसेकंद असेल तर १००, ३००, ५०० वर. आलेख काढला तर कंगव्याच्या दातांसारखा दिसतो, म्हणून त्याला कोम्ब फिल्टर म्हणतात. विलंब हलवला की कंगवा रबरासारखा ताणला आणि आखडला जातो. सगळ्या खाचा एकाच प्रमाणात सरकतात, पहिली दुप्पट वर गेली की दहावीही दुप्पट वर जाते. फ्लँजर आणि फेझर यांच्यातला कानाला कळणारा फरक मुख्यतः इथलाच. फेझरमध्ये खाचा मोजक्या असतात आणि त्यांच्यात अशी समान अंतरं नसतात.

आता तुमचा स्वीप. तुम्ही विलंब साइनने हलवताय, पण कानाला विलंब ऐकू येत नाही, खाचेची जागा ऐकू येते, आणि ती विलंबाच्या व्यस्त प्रमाणात असते. तुमच्या आकड्यांत पहिली खाच १ मिलिसेकंदाला ५०० हर्ट्झवर आहे आणि १० मिलिसेकंदाला ५० वर. एलएफओ मध्यावर असतो तेव्हा विलंब ५.५ मिलिसेकंद, म्हणजे खाच ९१ हर्ट्झवर. म्हणजे प्रत्येक फेरीचा अर्धा वेळ खाच ५० ते ९१ च्या दरम्यान, एका सप्तकाहूनही कमी अंतरात घुटमळते, आणि उरलेल्या अर्ध्या वेळात ९१ पासून ५०० पर्यंतची जवळजवळ अडीच सप्तकं धावून परत येते. कान वारंवारिता सप्तकांत मोजतो, म्हणून त्याला एक टोक गोठलेलं आणि दुसरं घाईचं वाटतं. तुम्ही ऐकलंत ते बरोबरच होतं.

जुन्या अॅनलॉग पेडलमध्ये हा प्रश्न इतका का जाणवत नाही, हे पाहण्यासारखं आहे. त्यात बकेट ब्रिगेड चिप असते. आवाजाचे नमुने विद्युतभाराच्या रूपात एका कप्प्यातून पुढच्या कप्प्यात ढकलले जातात, आणि ते किती वेगाने ढकलायचे हे क्लॉक ठरवतं. १०२४ कप्प्यांच्या एमएन३००७ मध्ये विलंब `1024/(2·f)` इतका, f म्हणजे क्लॉकची वारंवारिता. क्लॉक १०० किलोहर्ट्झ असेल तर ५.१२ मिलिसेकंद. हा विलंब पहिल्या खाचेच्या सूत्रात घातला की खाच थेट `f/1024` वर येते. म्हणजे तिथे एलएफओ विलंबाला हलवतच नाही, तो क्लॉकला हलवतो आणि खाच क्लॉकबरोबर सरळ प्रमाणात फिरते. विलंब मग आपोआप वक्र रेषेत बदलतो. डिजिटलमध्ये तो वक्र आपल्याला हाताने घालावा लागतो.

सगळ्यात सोपा आणि माझ्या मते कानाला सगळ्यात चांगला उपाय म्हणजे विलंब घातांकी पद्धतीने फिरवणं. एलएफओ ० ते १ मधली संख्या u देतो असं धरा:

```
τ = tMin * (tMax / tMin)^u
```

आता u समान वेगाने सरकला तर खाच समान सप्तकांनी सरकते. त्याचबरोबर पल्लाही बदला. १० मिलिसेकंद फ्लँजरसाठी फार लांब आहे. तिथे खाचा १०० हर्ट्झच्या अंतरावर दाटीने येतात आणि एक एक वेगळी ऐकू येत नाही. ०.५ ते ५ मिलिसेकंद घ्या. पहिली खाच १००० पासून १०० हर्ट्झपर्यंत फिरेल आणि u अर्ध्यावर असताना विलंब १.५८ मिलिसेकंद, खाच ३१६ हर्ट्झवर, म्हणजे सप्तकांच्या हिशेबाने बरोबर मध्यावर असेल.

घरघर कुठून येते तेही तुमच्याच आकड्यांतून निघतं. विलंब पूर्ण सॅम्पलवर आणून वाचत असाल (`(int)` लावून), तर वाचण्याची जागा एकेका सॅम्पलने उड्या मारत जाते. तुमचा एलएफओ मध्यातून जाताना विलंब सेकंदाला ५.६५ मिलिसेकंद या वेगाने बदलतो, म्हणजे सेकंदाला २७१ सॅम्पल. प्रत्येक उडीला लहर बारीकशी तुटते, आणि अशा २७१ उड्यांची मिळून २७१ हर्ट्झची घरघर होते. एलएफओ टोकाला पोहोचतो तसा तिचा सूर उतरत जाऊन शून्यावर येतो आणि परत चढतो. ओळखायची खूण हीच: घरघरीचा सूर स्वीपबरोबर चढ-उतार करत असेल आणि दोन्ही टोकांना क्षणभर थांबत असेल, तर इंटरपोलेशन नाही हे नक्की. सूर स्थिर असेल, तर मात्र दुसरं कारण शोधा. बहुधा तुम्ही विलंब प्रत्येक सॅम्पलला न काढता ब्लॉकमधून एकदाच काढत असता. ६४ सॅम्पलचा ब्लॉक असेल तर ती घरघर ७५० हर्ट्झची असते.

बहुतेक जण इथे दोन शेजारच्या सॅम्पलमध्ये सरळ रेषेने इंटरपोलेशन करतात. घरघर त्याने जवळपास जाते, पण फ्लँजरला ते पुरत नाही. विलंब बरोबर अर्ध्या सॅम्पलवर असतो तेव्हा सरळ रेषेचं इंटरपोलेशन म्हणजे दोन सॅम्पलची सरासरी, आणि सरासरी वरचे स्वर दाबते. ४८ किलोहर्ट्झला १० किलोहर्ट्झच्या स्वराची उंची ०.७९ पटीवर येते. मूळ आवाज १ आणि प्रत ०.७९, तर वजाबाकी शून्य होत नाही, ०.२१ उरते. जिथे पूर्ण शांतता हवी तिथे फक्त १४ डेसिबलची घट मिळते. विलंब पुढच्या पूर्ण सॅम्पलवर पोहोचला की खाच परत खोल, पुढच्या अर्ध्यावर परत उथळ. फ्लँजरच्या वरच्या पट्टीतला तो रेशमी सुसाट आवाज याच खाचांचा असतो, म्हणून इथे कंजुषी नको. चार सॅम्पलचं हर्माइट इंटरपोलेशन घेतलं तर त्याच ठिकाणी उंची ०.९४ राहते आणि खाच २४ डेसिबलपर्यंत जाते. खर्च काही गुणाकारांचाच.

ऑलपास इंटरपोलेशन सगळ्या वारंवारिता सारख्याच उंचीने सोडतं, म्हणून कागदावर ते जास्त आकर्षक दिसतं. पण त्याला स्वतःची आठवण असते. विलंब हलता असताना गुणक बदलत राहतो, जुनी अवस्था नव्या गुणकाशी जुळत नाही आणि पूर्ण सॅम्पल ओलांडताना टिकटिक ऐकू येऊ शकते. विलंब जवळजवळ स्थिर असतो तिथे, उदाहरणार्थ तारेच्या वाद्याच्या मॉडेलमध्ये, ते उत्तम. फ्लँजरमध्ये मी ते सुचवणार नाही.

आता फीडबॅक. तुमची रचना बहुधा अशी असावी: बफरमध्ये `x + fb·y` लिहायचं आणि बाहेर `x + y` द्यायचं, y म्हणजे विलंबित प्रत. दिसायला बरोबर आहे, पण आकडे घालून पाहा. खाचेच्या जागी हे गणित `fb/(1+fb)` देतं. fb शून्य असताना खाच पूर्ण खोल, fb ०.७ केला की ०.४१, म्हणजे फक्त ७.७ डेसिबलची घट. त्याच वेळी शिखर ४.३ पटीवर जातं. म्हणजे फीडबॅक शिखरं उंच करतोच, आणि खाचा भरूनही टाकतो. टणटण वाढते आणि खाचा पुसट होतात ती याने. उपाय एका ओळीचा आहे: बाहेर देताना कोरा x मिसळू नका, बफरमध्ये लिहिलेलीच किंमत मिसळा. `v = x + fb·y`, बाहेर `v + y`. आता खाच fb कितीही ठेवला तरी शून्यापर्यंत जाते आणि फीडबॅक फक्त शिखरं धारदार करतो.

शिखरं मात्र `2/(1-fb)` इतकी उंच होतात, ०.७ ला ६.७ पट. म्हणून बाहेरची पातळी `sqrt((1-fb)/2)` ने गुणा. हा आकडा अंदाजाचा नाही. पांढऱ्या नॉइजवर या फिल्टरची ऊर्जा बरोबर `2/(1-fb)` पट होते, आणि हा गुणक ती मूळ पातळीवर आणतो. त्यामुळे फीडबॅकचा नॉब फिरवताना आवाज मोठा-लहान होत नाही, फक्त पोत बदलतो. एखादा लांबलेला स्वर शिखरावर नेमका बसला तर तो तरीही उसळेल, तेवढी हेडरूम ठेवा.

हे सगळं मिळून कोड एवढंच होतं:

```cpp
float flanger(float x)
{
    ph += rate / fs;
    if (ph >= 1.0f) ph -= 1.0f;
    float u = 0.5f - 0.5f * cosf(6.2831853f * ph);
    float d = fs * tMin * powf(tMax / tMin, u);

    int   k = (int)d;
    float a = d - k;
    int   i = w - k;
    float p = buf[(i + 1) & M], q = buf[i & M];
    float s = buf[(i - 1) & M], t = buf[(i - 2) & M];
    float c1 = 0.5f * (s - p);
    float c2 = p - 2.5f * q + 2.0f * s - 0.5f * t;
    float c3 = 0.5f * (t - p) + 1.5f * (q - s);
    float y  = ((c3 * a + c2) * a + c1) * a + q;

    float v = x + fb * y;
    buf[w] = v;
    w = (w + 1) & M;
    return sqrtf(0.5f * (1.0f - fb)) * (v + y);
}
```

बफर ४०९६ सॅम्पलचा धरला आहे, म्हणून `M` ४०९५. `tMin` आणि `tMax` सेकंदांत: `0.0005f` आणि `0.005f`. आधी वाचायचं, मग लिहायचं, हा क्रम बदलू नका. चार सॅम्पलच्या इंटरपोलेशनमुळे `d` दोनपेक्षा कमी होता कामा नये. ०.५ मिलिसेकंद म्हणजे २४ सॅम्पल, तेव्हा इथे काळजी नाही. छोट्या मायक्रोकंट्रोलरवर `powf` जड पडत असेल तर `d` दर ३२ सॅम्पलनी काढा, पण मधल्या सॅम्पलसाठी सरळ रेषेने सरकवत न्या. नाहीतर घरघर मागच्या दाराने परत येईल. धन फीडबॅकचं एक शिखर शून्य हर्ट्झवरही असतं, त्यामुळे खर्ज फुगतो. फीडबॅकच्या वाटेवर शंभरेक हर्ट्झचा साधा हायपास बसवला की ते सुटतं.

कोरसचा प्रश्न मात्र वेगळ्या जातीचा आहे. विलंब बदलत असतो तेव्हा प्रतीचा सूरही बदलतो, रेल्वेच्या शिट्टीसारखा. विलंब वाढत असताना प्रत उतरते, कमी होत असताना चढते. किती, ते विलंब बदलण्याच्या वेगावर ठरतं. साइनसाठी जास्तीत जास्त फरक `2π·f·A`, f एलएफओचा वेग आणि A डेप्थ सेकंदांत. तुमच्या १ हर्ट्झ आणि ८ मिलिसेकंदांचे ०.०५ होतात, म्हणजे पाच टक्के, ८५ सेंट. तुमची प्रत दर सेकंदाला जवळजवळ अर्धा स्वर वर आणि अर्धा स्वर खाली जातेय. गिटार बेसूर वाटली नसती तरच नवल.

उलट गणित करा. आधी किती सेंट हवे ते ठरवा आणि त्यावरून डेप्थ काढा:

```
A = सेंट * 0.000578 / (2π * f)
```

१२ सेंट आणि ०.७ हर्ट्झसाठी A १.६ मिलिसेकंद येते. वेग ३ हर्ट्झ केला तर तेवढ्याच १२ सेंटसाठी ०.३७ मिलिसेकंदच पुरतात. प्लगइनमध्ये नॉबवर मिलिसेकंद दाखवण्याऐवजी सेंट ठेवले आणि डेप्थ आत काढली, तर वेग वाढवला की बेसूर होण्याची तक्रारच उरत नाही. कोरससाठी एलएफओ साइनच ठेवा. त्रिकोणी लहर घेतली तर तिचा उतार स्थिर असतो, त्यामुळे प्रतीचा सूर दोनच जागी राहतो: थोडा वेळ इतके सेंट वर, मग एकदम तितकेच खाली. लांब स्वरावर ती उडी ऐकू येते.

पण २० मिलिसेकंदांनाही खाचा असतातच ना, मग त्या ऐकू का येत नाहीत? तिथे खाचा ५० हर्ट्झच्या अंतराने पडतात, आणि कान इतकं बारीक वेगळं करू शकत नाही. खालच्या पट्टीत त्याची एक पट्टी साधारण १०० हर्ट्झ रुंद असते, वर ती रुंदावत जाते. एका पट्टीत दोन-चार खाचा आणि शिखरं एकत्र मावतात आणि त्यांची सरासरी होते. १ मिलिसेकंदाला हेच अंतर १००० हर्ट्झ होतं, आणि ते पाच-सहा किलोहर्ट्झपर्यंत सुटं ऐकू येतं.

खाचांची हालचाल आणि सुराचा फरक या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे समजलं की दोन्ही इफेक्ट हातात येतात. २२० हर्ट्झच्या स्वरावर १२ सेंट वर सरकलेली प्रत मिसळली तर सेकंदाला दीड ठोका पडतो. तोच स्वर कंगव्याच्या बाजूने पाहिला तर त्याच्यावरून सेकंदाला दीड खाच सरकत जाते. आकडा एकच, `f·|dτ/dt|`. त्याच स्वराच्या ३५२० हर्ट्झच्या स्वरांशावर मात्र सेकंदाला २४ ठोके पडतात. खाली संथ हेलकावा आणि वर दाट थरथर, कोरसची चकाकी ती हीच. दुहेरी रीडच्या हार्मोनियममध्ये दोन रीड किंचित वेगळ्या लागल्या की एका सुराला जी लाट येते, ती याच कुळातली. फरक इतकाच, की तिथे सुरातलं अंतर कायमचं असतं आणि इथे ते वर-खाली होत राहतं.

तपासणी संगीतावर करू नका, पांढऱ्या नॉइजवर करा, कारण त्यात सगळ्या वारंवारिता असतात आणि स्पेक्ट्रोग्रामवर खाचांच्या वक्र रेषा स्वच्छ उमटतात. तंबोरा तर या कामाला नकोच. जवारीमुळे त्याचे स्वरांश आपणहून हलतात आणि कोणती हालचाल कुणाची ते कळत नाही. फीडबॅक शून्य करा, एलएफओ थांबवून विलंब नेमका १ मिलिसेकंद ठेवा. पहिली खाच ५०० हर्ट्झवर दिसायला हवी. ती ४९० वर दिसली तर विलंब ४८ ऐवजी ४९ सॅम्पल पडतोय, म्हणजे निर्देशांकात एकाची चूक आहे. मग एकच १ आणि बाकी शून्य असा इनपुट द्या आणि बाहेर आलेल्या दोन ठोक्यांमधली सॅम्पल मोजा.

मिक्सचा नॉब पूर्ण ओला केला तर खाचा नाहीशा होतात आणि फक्त सुराची थरथर उरते, कारण खोडायला मूळ आवाजच नसतो. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये फ्लँजर सेंड-बसवर पूर्ण ओला लावून कोरडा आवाज मूळ ट्रॅकवरून घेतला, तर आणखी एक घोटाळा होऊ शकतो. बसवर भरपाई न झालेला ६४ सॅम्पलचाही विलंब असेल तर तुमच्या प्रत्येक विलंबात १.३३ मिलिसेकंद मिळतात, आणि पहिली खाच १००० हर्ट्झऐवजी २७३ च्या वर जातच नाही. स्वीपचा वरचा भाग कुणी कापल्यासारखा वाटतो. फ्लँजर थेट ट्रॅकवर लावला की हे होत नाही.

टेपच्या काळात दोन यंत्रांवर तोच आवाज लावून एकाच्या रिळाच्या कडेवर, म्हणजे फ्लँजवर, बोट टेकवत. ते यंत्र मागे पडे, मग दुसऱ्यावर बोट टेकलं की पहिलं त्याला गाठून पुढे जाई, आणि दोन्ही बरोबर येण्याच्या क्षणी विलंब शून्यातून जाई. वरच्या कोडला ते जमत नाही, कारण प्रत मूळ आवाजाच्या पुढे कधीच जाऊ शकत नाही. तो परिणाम हवा असेल तर बाहेर मिसळायचा कोरडा आवाजही ३ मिलिसेकंद स्थिर विलंबाने घ्या, आणि प्रत साधारण ०.१ ते ६ मिलिसेकंदांमध्ये फिरवा. इथे फीडबॅक शून्य ठेवा आणि घातांकी सूत्राऐवजी साधा साइन वापरा, नाहीतर शून्याच्या एका बाजूला स्वीप फार वेळ राहील. बेरीज केली तर शून्यावर खाचा वर पळून नाहीशा होतात आणि आवाज क्षणभर दुप्पट होतो, प्रत उलटी करून मिसळली तर त्याच क्षणी सगळं गप्प होतं. प्लगइनने होस्टला कळवायची लेटन्सी मग १४४ सॅम्पल.